स्कॉलरशिपचा निबंध : व्याकरण सुधारा, आवाज ठेवा

प्रश्न : मराठी माध्यमातल्या भाचीचा इंग्रजी निबंध तपासतोय. चुका काढताना तो माझाच होऊन जातोय. काय करू?

उत्तर : फक्त काळ, आर्टिकल आणि शब्दयोगी अव्ययं दुरुस्त करा; तिची नामं आणि क्रियापदं तशीच ठेवा. समजा तिनं लिहिलंय, ‘सिन्स फोर इयर्स आय ॲम मिल्किंग टू बफेलोज बिफोर स्कूल’. त्याचं ‘फॉर फोर इयर्स आय हॅव मिल्क्ड टू बफेलोज बिफोर स्कूल’ एवढंच करा. ‘शोल्डर्ड रिस्पॉन्सिबिलिटीज’ लिहिलंत की म्हशी गेल्या, आणि मुलगीही. अर्थच संदिग्ध असेल तिथे अंदाजानं बदलू नका. समासात मराठीत प्रश्न लिहा, वाक्य तिलाच लिहू द्या. शेवटी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. ज्या शब्दावर ती अडखळेल, तो बहुधा तुमचा असतो. तिथे तिचा मूळ शब्द परत आणा.