सहकाऱ्याचे वडील गेले, टीम लीडने काय लिहावं

तुम्ही नुकतेच टीम लीड झाला आहात, म्हणून आधी एवढंच सांगतो: ग्रुपवर काही टाकण्याआधी त्याला स्वतंत्र मेसेज करा. चार-पाच ओळी पुरेत. अशा वेळी त्याचा फोन सतत वाजत असतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागेल असा एकही प्रश्न नको. ‘कसं झालं?’ नको आणि ‘कधी येणार?’ तर नकोच. काळजीने विचारलं तरी ते हजेरी मागितल्यासारखं वाटतं.

‘काही लागलं तर सांग’ यानेही काम भागत नाही, कारण मागायचं ओझं त्याच्यावरच पडतं. त्यापेक्षा ठरलेलं सांगा. समजा, गुरुवारी त्याच्याकडून क्लायंटला रिपोर्ट जायचा आहे. आधी तो कोण करणार हे ठरवा, मग लिहा:

‘वडील गेल्याचं आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. गुरुवारचा रिपोर्ट मी पाठवतो, रजेचं एचआरशी बोललोय. तू आईजवळ थांब. या मेसेजला उत्तर देऊ नकोस.’

रजेचं खरंच बोलून झालं असेल तरच ती ओळ ठेवा.

आपल्या सोलापुरात आणखी एक जपा. ‘तेराव्यानंतर बोलू’ असं सवयीने लिहू नका. इथे लिंगायत घरं बरीच, त्यांच्यात सहसा दफन करतात. मुस्लिम, तेलुगू घरांच्या रीती आणखी वेगळ्या. माहीत नसेल तर नुसतं ‘घरचं सगळं आटोपल्यावर’ म्हणा. आणि तो परत आला की पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विषय काढू नका, जागेवर जाऊन भेटा.