सपोर्टला मेल टाकताय? आधी हे बघा

ताई, ऑनलाइन विक्रीच्या साइटच्या सपोर्टला तुम्ही लिहिलेला मेल वाचला, खरं सांगू का, "माझे सगळे फोटो रिजेक्ट होतायत, प्लीज मदत करा" यावर सपोर्टवाला फक्त गाइडलाइनची लिंक चिकटवणार आणि तिकीट बंद करणार. एकच प्रॉडक्ट धरा, समजा ती कोल्हापुरी चप्पल. सब्जेक्टमध्ये एसकेयू, म्हणजे त्या प्रॉडक्टचा कोड, आणि "मेन इमेज रिजेक्ट" एवढंच लिहा, मग मेलमध्ये रिजेक्शनचं कारण डॅशबोर्डवर दिसतं तसंच्या तसं कॉपी करा, जुना आणि सुधारलेला फोटो दोन्ही जोडा आणि सरळ विचारा, "नवीन फोटोत नेमका कुठला भाग नियमात बसत नाही?"

पण त्याआधी फोटो तपासा हो. पांढऱ्या चादरीवर काढला म्हणजे बॅकग्राउंड पांढरं झालं असं नसतं, फ्रेम सगळी पांढरी असली की मोबाइल आपणहून उजेड कमी करतो आणि चादर राखाडी येते, शिवाय चुण्या असतातच. एडिटिंग ॲपमध्ये कलर पिकर कोपऱ्यात ठेवून बघा, प्युअर व्हाइट मागितलं असेल तर RGB 255, 255, 255 यायला हवं, 235 वगैरे आलं तर डोळ्याला पांढरं दिसलं तरी सिस्टिम उडवणार. चादरीऐवजी कार्डशीट मागून वाकवून लावा, खिडकीजवळ काढा, एक्सपोजर जरा वाढवा आणि उरलेलं बॅकग्राउंड ॲपमध्ये कापा, फक्त अंगठ्याजवळची पोकळी विसरू नका, तिथे बॅकग्राउंड हमखास राहतं.

आणि रांगोळीवर चप्पल ठेवून काढलेला तो सुंदर फोटो मेन इमेजला, म्हणजे पहिल्या फोटोला, टाकू नका, दुसऱ्या-तिसऱ्या इमेजला बहुतेक चालतो.