पेट्रोल आणि बॅटरी: वजनाचा हिशेब

प्रश्न: एक किलो पेट्रोलमध्ये एक किलो बॅटरीपेक्षा इतकी जास्त ऊर्जा कशी? मग इलेक्ट्रिक गाड्या चालतात तरी कशा?

मुख्य कारण ऑक्सिजन. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो आणि तो आपण टाकीत वाहून नेत नाही, इंजिन वाटेतल्या हवेतून ओढून घेतं. जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफही सायलेन्सरमधून बाहेर जाते. म्हणजे रासायनिक क्रियेतला जड भागीदार आपल्याला फुकट मिळतो.

बॅटरीला ही सोय नाही. तिला क्रियेतले दोन्ही भागीदार पोटात ठेवावे लागतात आणि काहीच बाहेर टाकता येत नाही, कारण चार्ज करताना तेच पुन्हा लागणार असतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. ७ ग्रॅम लिथियम धरून ठेवायला एका बाजूला ७२ ग्रॅम ग्रॅफाइट लागतं आणि दुसऱ्या बाजूला सुमारे १५० ग्रॅम आयर्न फॉस्फेट. त्यावर तांब्या-अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, इलेक्ट्रोलाइट आणि बाहेरची पेटी. म्हणून पेट्रोलमध्ये किलोला सुमारे १२ युनिट ऊर्जा (वीजबिलातलंच युनिट), तर चांगल्या लिथियम पॅकमध्ये ०.१५ च्या आसपास. फरक ऐंशीपट!

पण ऐंशीपट हा आकडा रस्त्यावर टिकत नाही. ११० सीसीच्या स्कूटरमध्ये ५ लिटर, म्हणजे ३.७ किलो पेट्रोल भरलं, तर त्यात ४४ युनिट असतात आणि गाडी साधारण २२५ किलोमीटर जाते. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला साडेसहा युनिट पुरतात. कारण शहरातल्या रहदारीत छोटं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाऊण भागाहून जास्त वाटा उष्णतेत घालवतं, तर मोटर मिळालेल्या विजेतला बहुतेक भाग चाकाला देते. साडेसहा युनिटांचा पॅक सुमारे ४३ किलोंचा होतो. म्हणजे खरा फरक बारापट उरला. शिवाय इंजिनाचं वजनही वाचतं. म्हणूनच कंपन्या ३-४ युनिटांचा पॅक देऊन शंभरेक किलोमीटरवर थांबतात, आणि रोजच्या ये-जा करणाऱ्याला ते पुरतंही.

विमानात मात्र हा हिशेब कोलमडतो. मुंबई-दिल्ली उड्डाणाला दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांचं जेट सुमारे ५ टन इंधन जाळतं. जेट इंजिन स्कूटरच्या इंजिनाइतकं उधळं नसतं, त्यामुळे मोटरचा फायदा तिथे कमी पडतो. आजच्या पॅकने तेच काम करायचं तर बॅटरीच दीडशे टनांच्या पुढे जाते, आणि त्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजनच ८० टनांच्या आत असतं. त्यात इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते.