एकच प्रसंग, तीन प्रश्न

समाजशास्त्राच्या तीन दृष्टिकोनांचा स्लाइडवरचा तक्ता पाठ करत बसू नकोस. एकच प्रसंग धर: डॉक्टरांच्या खोलीबाहेर पेशंट ताटकळत बसलेत.

प्रकार्यवाद विचारतो, या व्यवस्थेने समाजाचं काय साधतं? याच अंगाने समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्सने 1951 मध्ये ‘आजाऱ्याची भूमिका’ मांडली. आजाऱ्याला कामातून सूट मिळते, पण बरं होण्यासाठी उपचार घेण्याची जबाबदारीही येते. थांबणं त्या जबाबदारीचाच भाग.

संघर्षवादाशी बहुतेकांची गल्लत होते. कुणी नंबरावरून भांडलं की ते ‘संघर्ष’ लिहून मोकळे होतात. इथे भांडण लागतच नाही, सगळे गप्प बसले असले तरी विश्लेषण होतं. कुणाचा वेळ स्वस्त धरला जातो, एवढंच बघ. रोजंदारीवाल्याची आजची मजुरी बुडते, पैसेवाला वेगळी वेळ घेऊन थेट आत जातो.

प्रतीकात्मक आंतरक्रियावाद विचारतो, माणसं एकमेकांच्या शब्दांना, खुणांना काय अर्थ देतात? त्यासाठी अगदी जवळ जा. मधूनच कुणीतरी उठतो, “फक्त रिपोर्ट दाखवायचाय” म्हणत फाइल उंचावतो आणि बाकीचे वाट देतात. ती फाइल ‘मी घुसखोर नाही’ असं सांगते आणि इतर ते मान्य करतात.

तुझी तिन्ही उत्तरं एकमेकांच्या जागी चालली, तर प्रश्न बदललेलाच नाही असं समज.