न कळत आलेली ओळ: गीतलेखकांच्या शंकांना उत्तरे

सलग चार शब्दांपर्यंत दुसऱ्याच्या गाण्यातले घेतले तर कायद्याने चालते, असे आमच्या स्टुडिओतले लोक सांगतात. हे खरे आहे का? (निपाणी)

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांची, मात्रांची किंवा सेकंदांची अशी कोणतीही मोजणी नाही. मूळ कृतीचा महत्त्वाचा भाग उचलला गेला आहे का, एवढेच पाहिले जाते, आणि गाण्याचा जीव अनेकदा धृपदाच्या तीन-चार शब्दांतच असतो. हा ऐकीव नियम इतक्या पत्रांतून माझ्याकडे येतो की तो प्रथम कोणी सांगितला हे विचारणेही मी सोडून दिले आहे. स्टुडिओचे काम ध्वनिमुद्रणाचे आहे, कायद्याचा सल्ला त्यांच्याकडून घेऊ नये.

तुकोबांच्या अभंगातली एक ओळ आमच्या भजनी मंडळाच्या नव्या गीतात धृपद म्हणून घ्यायची आहे. परवानगी लागेल का? (चिकोडी)

शब्दांसाठी लागणार नाही. मात्र आपल्या कानात बसलेली त्या अभंगाची चाल बहुधा विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराची असेल, आणि तिच्यावरील हक्क वेगळा असतो. चाल कोणाची आहे हे आधी शोधावे, आणि ओळ तुकोबांची आहे हे पत्रिकेत लिहावे.

मलप्रभेवरच्या माझ्या गीताची प्रत्येक ओळ मी इंटरनेटवर शोधली, कुठेच काही सापडले नाही. तरी माझ्या शाळेतल्या कन्नड सहकारी बाई म्हणतात की हे धृपद त्यांच्याकडच्या एका प्रसिद्ध भावगीताचे आहे. मी ते गाणे मुद्दाम कधी ऐकलेले नाही. मी काय करावे? (खानापूर)

आपल्या सहकारी बाईंचे म्हणणे बरोबर आहे. त्यांनी कळवलेले गीत मी ऐकले, कन्नड जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून त्याचा अर्थ शब्दशः समजून घेतला आणि आपला मसुदा शेजारी ठेवून वाचला. त्या गीतावरील हक्क अजून जिवंत असल्यामुळे मी त्याची ओळ येथे छापत नाही. आपली मात्र आपल्या परवानगीने देतो:

सांग नदी गे, तुझ्या तिरावर कोण राहिले माझे?
तू न बोलता दिवा घेउनी वाहुन नेशी ओझे.

आपण ते गाणे मुद्दाम ऐकले नाही, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या भागात धारवाड आकाशवाणी घरोघरी लागत आली आहे. एस. टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात कन्नड भावगीते कानावर पडतच असतात. ऐकलेले गाणे विसरले जाते तेव्हा आधी त्याचे शब्द जातात. प्रतिमा आणि विचारांचा क्रम मागे राहतो. पुढे मराठीत लिहिताना तोच क्रम मराठी शब्द घेऊन वर येतो आणि लिहिणाऱ्याला तो स्वतःला सुचल्यासारखा वाटतो. पुण्या-मुंबईच्या गीतलेखकापेक्षा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गीतलेखकाने याची अधिक धास्ती बाळगावी असे मी वारंवार लिहितो, कारण आपल्या कानात दोन भाषांची गाणी आहेत आणि तपासणी मात्र आपण एकाच भाषेत करतो. मराठी ओळ मराठीत शोधल्यावर कन्नड गीत सापडणार कसे?

भाषा बदलल्याने हक्क संपत नाही. कृतीचे भाषांतर करण्याचा अधिकार हा मूळ हक्कधारकाचाच अधिकार आहे, आणि कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे चालतो. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, पण त्यांची कीर्ती कन्नड कवितेची. ते १९८१ मध्ये वारले, त्यामुळे अशा शब्दांवरील त्यांचा हक्क २०४१ अखेरपर्यंत आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये वारले, त्यांच्यासाठी ही मर्यादा २०३७ अखेरची आहे. “जुने गाणे आहे, आता ते सर्वांचे झाले,” असे म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

“मला माहीत नव्हते,” हे उत्तरही पुरत नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाण्याच्या चालीबाबत असे मानले की त्यांनी जाणूनबुजून नक्कल केली नव्हती, ती नेणिवेतून झाली होती. आणि तरीही उल्लंघन झालेच असे ठरवले. हा निकाल अमेरिकेतला आहे, आपल्या न्यायालयांना तो बंधनकारक नाही. पण चूक न कळत कशी होते, हे त्यावरून समजते.

आता आपल्या दोन ओळींकडे येऊ. नदी, तीर, पाण्यावर सोडलेला दिवा, हरवलेले आप्त यांवर कोणाचीही मालकी नाही. आठ-आठ-आठ-चार मात्रांची ही लयही कोणाची नाही, तिच्यात असंख्य मराठी गीते आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, आणि दोन्ही कृती पाहिलेल्याला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असे निःसंशय वाटले तर ती नक्कल ठरते. आपल्या ओळींत आधी नदीला हाक आहे, मग तीरावर माझे कोण उरले हा प्रश्न आहे, मग नदीचे मौन आहे, आणि दिवा पुढे वाहून जाणे हेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. हे चारही टप्पे त्या कन्नड गीतात याच क्रमाने आहेत. सुटा कोणताही एक टप्पा मी सोडून दिला असता. पण दिव्याने प्रश्नाचे उत्तर देण्याची युक्ती त्या कवीची आहे आणि तीच आपल्या धृपदाचा प्राण झाली आहे.

दुसऱ्या पत्रात आपण ‘नदी’ऐवजी ‘सरिते’ आणि ‘दिवा’ऐवजी ‘पणती’ घालून ओळी पाठवल्या. त्याने काहीही साधत नाही. समानार्थी शब्द बसवल्याने मांडणी तशीच राहते, आणि पाहणाऱ्याला लपवाछपवी दिसते ती वेगळीच.

दुरुस्ती करताना मसुदा समोर ठेवू नये. वही मिटावी आणि आपल्याला काय म्हणायचे होते ते दोन-तीन साध्या गद्य वाक्यांत लिहावे. मी विचारल्यावर आपण लिहिले की आपली आजी रोज पहाटे नदीचे पाणी कळशीतून घरी आणत असे, आणि ही नदी कणकुंबीला उगम पावते हे शाळेत शिकल्यावर आपल्याला ती कळशी आठवली. गीताचा खरा ऐवज तोच आहे, आणि तो दुसऱ्या कोणाच्या गाण्यात मला आढळलेला नाही. मसुद्यात आजी कुठेच नव्हती, कारण ती जागा उसन्या दिव्याने घेतली होती.

त्यानंतर लय बदलावी. जुन्या लयीत लिहिले की जुने शब्द आपोआप आपापल्या जागी येऊन बसतात, हे मी अनेक मसुद्यांत पाहिले आहे. म्हणून आठ मात्रांची आवर्तने सोडून सहा मात्रांची घेतली, आणि आपल्याच गद्यातून आपण दोघांनी मिळून या ओळी बांधल्या:

घाटाच्या माथ्यावर थेंब तुझा पहिला,
आजीच्या कळशीतुन रोज मला दिसला.

येथे नदीला प्रश्न नाही, तिचे मौन नाही, दिवाही नाही. ‘घाटाच्या’, ‘माथ्यावर’, ‘थेंब तुझा’ अशी सहा-सहा मात्रांची तीन आवर्तने होऊन शेवटी चार मात्रा उरतात, त्यामुळे जुनी चाल या शब्दांवर बसत नाही. ही खूण महत्त्वाची आहे: नव्या ओळी गुणगुणताना तेच जुने गाणे ओठांवर आले, तर दुरुस्ती अपुरी आहे असे समजावे.

आता या नव्या ओळींचीही तपासणी करावी. त्यांचा साध्या कन्नडमध्ये अर्थ करून तो सहकारी बाईंना ऐकवावा, आणि कोणत्या गाण्याची शंका आहे हे न सांगता “हे ऐकून काय आठवते?” एवढेच विचारावे. आधी नाव घेतले तर ऐकणाऱ्याला ते गाणे आठवणारच. इंटरनेटवर कन्नड लिपीत शोधताना पूर्ण ओळ घालू नये. भावगीतांत धारवाडी बोलीची रूपे येतात आणि प्रत्यय शब्दाला जोडलेले असतात, म्हणून पूर्ण ओळ जुळत नाही. ‘आजी’ आणि ‘कळशी’ यांसारखी दोन नामे एकत्र शोधावीत. मराठीतही ‘तीरावर’, ‘तिरावरी’, ‘तीरी’ ही रूपे वेगवेगळी शोधावी लागतात, आणि गाण्यांचे शब्द पुष्कळदा रोमन लिपीत लिहिलेले असल्याने तसाही शोध घ्यावा. काही न सापडणे हा मात्र पुरावा नव्हे. गीत ध्वनिमुद्रित करायचे किंवा छापायचे असेल तर दोन्ही भाषांतील भावगीते जाणणाऱ्या व्यक्तीला मसुदा दाखवावा, आणि तिला शंका वाटली तर वकिलालाही.

एका संस्थेने पैसे घेऊन माझे गीत सॉफ्टवेअरमधून तपासले आणि ‘शंभर टक्के मूळ’ असे प्रमाणपत्र दिले. ते पुरेसे आहे का? (बेळगाव)

पुरेसे नाही. अशा प्रमाणपत्राला कायद्यात काही किंमत नाही, आणि भाबड्या नवोदितांकडून यासाठी पैसे उकळणे मला संतापजनक वाटते. सॉफ्टवेअर सलग जुळणारे शब्द शोधते. वर सांगितलेले भाषांतरित धृपद त्याच्या चाळणीतून सहज निसटले असते. सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंदणी पाचशे रुपये शुल्कात होते आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते, परंतु ते कार्यालयसुद्धा आपले गीत जगातील सर्व गीतांशी ताडून पाहत नाही. नोंदणी ही नोंदवलेल्या तपशिलाचा प्रथमदर्शनी पुरावा असते, मौलिकतेची हमी नसते. तेच पैसे एखाद्या जाणकार वाचकाला मानधन म्हणून द्यावेत.

मंडळाचे शिवजयंतीचे गीत ध्वनिमुद्रित झाले. आता एक कार्यकर्ता म्हणतो की अंतरा एका प्रसिद्ध गाण्यासारखा आहे. मिरवणूक जवळ आली आहे, आत्ता वाजवून नंतर पाहिले तर चालेल का? (येळ्ळूर)

चालणार नाही. शंका मसुद्यावर आली असती तर एका संध्याकाळचे काम होते. आता गायक पुन्हा बोलवावा लागेल, तरी तो खर्च करावा. कायद्यात अजाणतेपणाला थोडीशी सवलत आहे, पण त्या कृतीवर हक्क आहे याची आपल्याला जाणीव नव्हती आणि तसा संशय येण्यास वाजवी कारणही नव्हते, हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. कार्यकर्त्याने सांगितल्यानंतर गीत वाजवले तर असे म्हणण्याचा आधारच राहत नाही. ध्वनिमुद्रित फाइल कोणालाही पाठवू नये, व्हॉट्सॲपवर गेलेली असेल तर काढून टाकण्यास सांगावे, आणि तो अंतरा व मूळ गाणे दोन्ही घेऊन या आठवड्यातच या विषयाच्या वकिलाला भेटावे. अंतरा वगळून धृपद आणि उरलेले अंतरे मिरवणुकीत वाजवता येतील का, हेही त्यांनाच विचारावे.