बसचे पैसे परत करण्याची नोटीस: भागिले दहा की बारा?

*आमच्या नोटिशीत एवढंच आहे: 'शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याचे उर्वरित वाहतूक शुल्क नियमानुसार परत करण्यात येईल.' पालक रोज विचारतात, नक्की किती? कसं लिहू?*

'उर्वरित' हाच शब्द भांडण लावतो. कधीपासून उरलेलं? अर्ज दिला तेव्हापासून, दाखला मिळाला तेव्हापासून, की मूल बसने शेवटचं आलं तेव्हापासून? दाखल्याची तारीख धरू नका, कारण तो उशिरा निघाला तर तो उशीर कार्यालयाचा असतो आणि पैसे पालकांचे जातात. अर्जाची आवक तारीख आणि बसचा शेवटचा दिवस, यांतली नंतरची धरा.

दुसरी मेख भागाकारात. वर्षाचे १८,००० रुपये आणि बस जून ते मार्च चालते असं धरू, म्हणजे १० महिने, महिना १,८००. पूर्ण रक्कम भरली आहे. अर्ज ९ सप्टेंबरला आला, मूल २० सप्टेंबरपर्यंत बसने आलं. सुरू झालेला महिना पूर्ण धरायचा, म्हणून वापरलेले महिने ४, त्यांचे ७,२०० आणि परतावा १०,८००. सवयीने बाराने भागलं तर महिना १,५०० होतो आणि उरलेल्या ६ महिन्यांचे ९,००० निघतात. चूक ओळखायची खूण अशी: वापरलेले आणि परतीचे मिळून भरलेली रक्कम यायला हवी. इथे ६,००० अधिक ९,००० म्हणजे १५,०००. तीन हजार गायब!

पहिलाच हप्ता, म्हणजे ९,०००, भरला असेल तर त्यातून ७,२०० वजा होऊन १,८००च परत जातात. हे उदाहरणही नोटिशीत टाका, कारण हप्त्याने भरणारे पालक हटकून वर्षाच्या रकमेवर हिशोब करतात.

मी असं लिहीन:

> विद्यार्थ्याने शाळा सोडल्यास, भरलेल्या वाहतूक शुल्कातून बस वापरलेल्या महिन्यांचे शुल्क वजा करून बाकी रक्कम परत दिली जाईल.
> महिन्याचे शुल्क = वार्षिक शुल्क ÷ १०.
> लेखी अर्जाची आवक तारीख किंवा बसचा शेवटचा दिवस, यांपैकी नंतरची तारीख ज्या महिन्यात येईल तो महिना पूर्ण धरला जाईल.
> उदाहरण: भरलेले १८,००० − (४ × १,८००) = १०,८०० रुपये. पहिलाच हप्ता भरला असल्यास ९,००० − ७,२०० = १,८०० रुपये.
> बस पास जमा केल्यापासून ___ दिवसांत रक्कम पालकांच्या खात्यात जमा होईल.

दिवसांचा आकडा लेखापालांना विचारूनच भरा, नाहीतर तोच पुढचा वाद. आणि लावण्याआधी प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही केलेला बसचा फॉर्म काढून वाचा. त्यात महिन्याऐवजी दिवसांवर हिशोब लिहिला असेल तर या वर्षी तोच चालवावा लागेल. वरचा 'पूर्ण महिना' पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आधी घाला, मग नोटिशीत.