चौकडीच्या बाहेर बसणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा जणांचं तालुक्याचं ऑफिस, त्यात चौघांचा चहा वेगळा, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, आणि साहेब आज येणार की नाहीत हेही तुला शिपायाच्या हालचालींवरून ओळखावं लागतं. प्रशिक्षणाचं पत्र मुदत संपल्यावर हातात आलं. फिरतीचं बिल तिसऱ्यांदा परत आलं. "मी त्यांच्यात मिसळायला कमी पडते का?" असं तू विचारलंयस. नाही, कमी पडत नाहीस. मिसळण्याचं नंतर बघू. आधी ही चौकडी कशाच्या जोरावर उभी आहे ते समजून घे.

आपल्याकडे बदल्यांचा कायदा २००५चा. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा धरला आहे. पण मंत्रालयाबाहेरच्या वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याला त्याच कार्यालयात असे दोन कालावधी, म्हणजे ६ वर्षं काढता येतात. साहेब येतात आणि जातात, कारकून तिथेच असतो. नवा साहेब पहिल्या आठवड्यात विचारतो, "मागच्या वेळी हे कसं केलं होतं?" उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याच्याकडे साहेबाचे कान जातात. तुमच्या आस्थापनेच्या टेबलाची ताकद एवढीच आहे. त्यात आवक-जावकचं टेबल सामील झालं की कोणता कागद कोणाला कधी दिसणार, हे दोन माणसं ठरवतात. बाकीचे दोघे त्या सावलीत बसलेले असतात. त्यांच्यावर राग धरू नकोस, तेही घाबरलेलेच असतात.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी विभागीय परीक्षेच्या अर्जाचं परिपत्रक असंच फाइलमध्ये पडून राहिलं. मला कळलं तेव्हा मुदत संपून पाच दिवस झाले होते. ही परीक्षा ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या संधींत पास झाली नाही तर ज्येष्ठता जाते, हे तुला सांगायला नको. मी सगळ्यांदेखत भांडले. त्याने फक्त एवढंच झालं की पुढचे आठ महिने माझ्याशी कोणी सरळ बोललं नाही. संधी गेली ती गेलीच.

नंतर एका म्हाताऱ्या नाझरांनी मला जवळ बसवून विचारलं, "तो कागद ऑफिसात आला कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त कागद कोणी अडवला तेवढंच बघत होते. जिल्ह्याहून निघालेलं परिपत्रक सगळ्या तालुक्यांना एकाच दिवशी जातं. शेजारच्या तालुक्यात माझ्याच टेबलावर बसणाऱ्या बाईंकडे ते माझ्या आधी पोचलेलं होतं. त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी मी त्यांना फोन करू लागले, "या आठवड्यात वरून काय आलं?" पुढच्या सबंध नोकरीत माझी एकही मुदत चुकली नाही. तूही शेजारचे दोन तालुके धर. दोघींपैकी एक तरी सांगेल, आणि तुझ्याकडचंही त्यांना सांगत जा, तरच हे टिकतं. शासन निर्णय तर आता gr.maharashtra.gov.in वर कोणालाही बघता येतात. रोज सकाळी आपल्या विभागाचे निर्णय पाच मिनिटं चाळ.

दुसरी गोष्ट ऑफिसच्या आतली. प्रत्येक टेबलाची कार्यविवरण नोंदवही आणि त्यावरून निघणारा प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा, हे काम कोणालाच नको असतं. किचकट असतं, आणि आकडे जुळले नाहीत तर साहेबांची बोलणी खावी लागतात. ते तू मागून घे. गोषवारा करणाऱ्याला सगळ्या टेबलांच्या वह्या हक्काने मागता येतात. कोणता कागद किती दिवस कुठे पडून आहे ते कोणाला न विचारता दिसतं. आणि गोषवारा सहीला नेताना आठवड्यातून एकदा साहेबांसमोर थेट उभं राहायला मिळतं. त्या वेळी कोणाची तक्रार मात्र करायची नाही. आकडे दाखवायचे आणि विचारलं तेवढंच सांगायचं. दोन-तीन महिन्यांत साहेब एखादी गोष्ट तुला विचारतील. तिथून फरक पडायला लागतो.

आता तुझं बिल. पहिल्यांदा दैनंदिनी जोडलेली नाही म्हणून परत आलं, दुसऱ्यांदा मंजूर फिरती कार्यक्रमाची प्रत नाही म्हणून, तिसऱ्यांदा तारखेत खाडाखोड म्हणून. तिन्ही त्रुटी खऱ्या आहेत, हे आधी मान्य कर. फक्त त्या एका दिवशी सांगता आल्या असत्या. एकेक त्रुटी काढून कागद फिरवत ठेवणं ही फार जुनी रीत आहे. चौथ्यांदा बिल देताना वर एक साधं पत्र लाव, "सोबत अमुक कागद जोडले आहेत. आणखी त्रुटी असल्यास एकत्रित कळवाव्यात, ही विनंती." आवकमध्ये नोंद करून क्रमांक घे आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घे. त्याच २००५च्या कायद्यात लिहिलंय की कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहू नये. आठव्या दिवशी आवाज न चढवता क्रमांक सांगून विचार. कायद्याचं कलम तोंडावर फेकू नकोस. ते तुला माहीत आहे, हे त्यांना क्रमांकावरूनच कळेल.

पण प्रत्येक गोष्ट लेखी करत सुटू नकोस. ज्यात पैसा, मुदत किंवा सेवेची नोंद आहे, तेवढंच कागदावर. किरकोळ रजेवरून पत्रं लिहिलीस तर चौकडीबाहेरची माणसंही तुझ्यापासून दूर सरकतील. स्वतःच्या ऑफिसात माहितीचा अधिकार वापरायचा सल्ला तुला कोणीतरी दिलाय म्हणतेस. तो अगदी शेवटचा. कागद मिळेल, पण ज्यांच्याशी रोज काम आहे त्यांच्याशी बोलणं तुटेल, आणि तुझी अजून बरीच वर्षं तिथे जायची आहेत.

उरलेल्या सहाजणांचा वेगळा ग्रुप करायचा तुझा विचार मला मुळीच पटला नाही. दोन गट झाले की साहेब मोठ्या गटाचं ऐकतात असं नाही, जुन्याचं ऐकतात. आणि तुमच्या ग्रुपमधला एखादा मेसेज तिकडे पोचायला एक दिवसही लागणार नाही. त्यापेक्षा त्या चौघांपैकी जो कमी बोलतो, त्याला कामात मदत कर. वर्षअखेरीला मार्चमध्ये त्याच्या टेबलावर ढीग असेल. चहाला त्यांनी बोलावलं तर जा, तिथे दुसऱ्याबद्दल बोलणं निघालं की कप ठेवून उठ.

एक गोष्ट यातून सुटणार नाही. कोणतं टेबल कोणाला द्यायचं ते साहेबांच्या हातात आहे, आणि त्यांचे कान अजून काही दिवस तिकडेच राहतील. नको असलेलं टेबल मिळालं तर ते नीट चालव. तुझा कार्यमूल्यमापन अहवाल मात्र तुला दाखवायलाच हवा, आणि त्यात प्रतिकूल काही असेल तर म्हणणं मांडता येतं. सेवापुस्तकही दरवर्षी दाखवून तुझी सही घ्यायची असते. तू दोन वर्षांत ते एकदाही पाहिलेलं नाहीस, हे वाचून मला बिलापेक्षा जास्त काळजी वाटली. वेतनवाढीच्या नोंदी, रजेचा हिशेब आणि परीक्षेची नोंद, या तीन गोष्टी आधी तपास. सोमवारी तेवढा एक अर्ज दे, आणि आवक क्रमांक काय पडला ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
मावशी